ओट्याखालचे उघडे पाइप : क्लॅम्प, कव्हर आणि एक टकटक (प्रकल्प नोंदी)

४ जानेवारी २०२५, शनिवार

आधी परिस्थिती लिहून ठेवतो म्हणजे नंतर मलाच कळेल कुठून सुरुवात केली होती. बिल्डिंग जुनी, भिंतीतले जीआय पाइप सडले, दिवाळीच्या आधी बाथरूमच्या भिंतीला ओल आली तेव्हा प्लंबर म्हणाला भिंत फोडत बसू नका, बाहेरून सीपीव्हीसी टाकून देतो. टाकून दिली. म्हणजे शब्दशः टाकूनच दिली. बाथरूममधल्या गीझरपासून गरम लाइन भिंतीतून भोक पाडून स्वयंपाकघरात येते, ओट्याखालून मागच्या भिंतीला लागून साधारण २ मीटर ४० सेंटिमीटर आडवी जाते, मग सिंकखाली वीसेक सेंटिमीटर उभी चढून अँगल कॉकला मिळते. तिच्या खाली पाच सेंटिमीटरवर थंडची लाइन, तोच रस्ता. एवढ्या लांबीत क्लॅम्प किती? दोन. त्यातला एक खिळ्यावर वाकवलेली वायर.

आमचा ओटा खालून उघडा आहे, ट्रॉल्या नाहीत, आईचे डबे तिथेच असतात. डबा आत सरकवला की पाइपला धडकतो. अँगल कॉक फिरवला की सगळा पाइप कॉकबरोबर डोलतो, आणि हे मला जास्त खटकतं कारण तो डोलतो तेव्हा सगळा ताण पितळी आटे असलेल्या जोडावर जातो. बेसिनमागे पण दोन पाइप उघडेच आहेत पण ते छोटं काम, नंतर.

ठरवलंय ते असं, पाइप नीट धरायचे, वर दिसायला बरं कव्हर करायचं, आणि कव्हर एका मिनिटात निघालं पाहिजे. स्क्रूड्रायव्हर शोधायला लागला तर ते कव्हर कोणी काढणार नाही आणि आतलं लीकेज महिनाभर कळणार नाही.

५ जानेवारी, रविवार

हार्डवेअरवाल्या काकांकडे गेलो, म्हणलं अर्ध्या इंची पाइपचे क्लॅम्प द्या, त्यांनी पांढऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा दिल्या, त्या एका स्क्रूवर भिंतीला बसतात आणि पाइप त्यात समोरून कट्ट करून दाबायचा, तशा. घरी येऊन लावून बघतोय तर पाइप आत खुळखुळतोय. बोट जाईल एवढी जागा.

गंमत अशी की अर्धा इंच हे नुसतं नाव आहे, मापाशी त्याचा थेट संबंध नाही. सीपीव्हीसीचा पाइप तांब्याच्या पाइपच्या मापाने बनतो, त्यामुळे अर्ध्या इंचीचा बाहेरचा व्यास १५.९ मिलिमीटर. जीआयचा किंवा पांढऱ्या यूपीव्हीसीचा अर्धा इंच म्हणजे बाहेरून २१.३. दोन्ही दुकानात ‘अर्धा इंची’. आणि सीपीव्हीसीचा पाऊण इंची २२.२ येतो, म्हणजे जवळजवळ जीआयच्या अर्ध्या एवढा. काकांनी मला जीआयच्या मापाची क्लिप दिली होती, त्यांचीही चूक नाही, मीच कुठला पाइप ते सांगितलं नाही.

व्हर्नियर नसेल तर सोपा उपाय, पाइपभोवती दोरा एक वेढा गुंडाळा, जिथे मिळतो तिथे पेनाने खूण करा, सरळ करून पट्टीवर मोजा. माझा आला बरोबर ५० मिलिमीटर, भागिले ३.१४, सोळाला जरासा कमी. सदुसष्ट आला असता तर जीआय किंवा यूपीव्हीसी अर्धा, सत्तर आला असता तर सीपीव्हीसी पाऊण. तो दोराच खिशात घालून परत दुकानात गेलो, काका हसले पण क्लिपा बदलून दिल्या.

प्लंबरदादांना फोनवर विचारलं तर म्हणाले, ‘अहो साहेब, परत कशाला जाता, काळी वायरिंगची टेप दोन वेढे मारा, घट्ट बसेल.’ हे मात्र करायचं नाही. वायरिंगची टेप मऊ पीव्हीसीची असते, तिला मऊ ठेवायला जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं ते हळूहळू सीपीव्हीसीत उतरतं आणि पाइप कमकुवत करतं, गरम लाइनवर आणखी लवकर. पाइप बनवणाऱ्यांच्या सूचनांमध्येही मऊ पीव्हीसीचा स्पर्श टाळा असं असतं. म्हणून गरम पाइपला चिकटून जाणारी वायर पण मी बाजूला केली.

११ जानेवारी, शनिवार

आज ड्रिलिंग. आधी भीती हीच की ही भिंत साडेचार इंची आणि पलीकडे बाथरूम, आत जुने सडलेले का होईना पण पाइप आहेत, आणि गीझरची वायर पण कुठूनतरी येते. बाथरूममध्ये जाऊन नळ, गीझरचा पॉइंट, शॉवर यांच्या उभ्या रेषा मोजल्या आणि इकडे खडूने मारल्या, कारण भिंतीतले पाइप आणि वायर बहुतेक वेळा पॉइंटच्या सरळ वर किंवा खाली जातात. त्या रेषांच्या दोन्ही बाजूला दहा दहा सेंटिमीटर भोक नाही. ड्रिलच्या ६ मिलिमीटरच्या बिटला टोकापासून ३५ मिलिमीटरवर रंगीत टेप गुंडाळली, टेप टाइलला टेकली की थांबायचं. (ही टेप बिटला, पाइपला नाही.)

टाइलवर भोक पाडताना सुरुवातीला हॅमर बंद. कागदी टेप चिकटवून तिच्यावर खूण, हळू स्पीडला साधं फिरवत वरचा चकचकीत थर आणि टाइल पार होऊ दिली, विटेत गेल्यावर हॅमर चालू. दहा भोकांपैकी एका ठिकाणी मी घाई केली आणि रुपयाच्या नाण्याएवढा कपचा उडाला. तो कव्हरच्या आत येणार म्हणून गप्प बसलोय, कोणाला सांगितलं नाही.

गिट्ट्या ठोकल्या, क्लिपा बसवल्या. प्रत्येक लाइनला चार आडव्या, अंतर साधारण ६० सेंटिमीटर. या मापाच्या सीपीव्हीसीला तीन फुटांपर्यंत चालतं, पण डबे धडकणार म्हणून जवळ घेतल्या. शिवाय उभ्या भागात अँगल कॉकच्या जोडाच्या जरा खाली एकेक, म्हणजे कॉक फिरवताना येणारा पीळ क्लिप घेईल, जोड नाही. ही पाचवी क्लिप लावल्यावर कॉक फिरवून बघितला, पाइप हलत नाही, एकदम बरं वाटलं.

आईने येऊन बघितलं, म्हणाली, ‘आता सरळ दिसतंय, आधी कपडे वाळत घालायची दोरी वाटायची.’

१२ जानेवारी, रविवार

सकाळी सात वाजता गीझर लावला आणि ओट्याखालून टक. मग परत टक. मग एकदम कटाक्. आई म्हणाली उंदीर आहे. वाकून बघतो तर गरम लाइनची मधली एक क्लिप उघडलेली आणि पाइप तिथे बोटभर बाहेर फुगलेला, धनुष्यासारखा. थंडची लाइन जशीच्या तशी सरळ.

म्हणजे काल मी दिवसभर खपून पाइपला हलायला जागाच ठेवली नव्हती. सीपीव्हीसी गरम झाल्यावर चांगलाच लांबतो, एक मीटर पाइप दहा अंशांनी तापला की अंदाजे पाऊण मिलिमीटरला थोडा कमी. आता थंडीत पाणी वीस-बावीस अंशाचं, गीझरचं पंचावन्न-साठ, म्हणजे पस्तीसएक अंशांचा फरक. २४०० मिलिमीटर लांबीला हिशेब येतो साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. ऐकायला काहीच नाही, पण दोन्ही टोकं पक्की असली तर तेवढी वाढ जाणार कुठे, ती बाजूला फुगते, आणि फुगवटा वाढीपेक्षा कितीतरी जास्त दिसतो. टकटक म्हणजे पाइप क्लिपमध्ये अडकत-सुटत सरकतोय त्याचा आवाज.

पण दोन्ही टोकं पक्की का होती? सिंकच्या बाजूला मी काल क्लिप मारली, ते ठीक. दुसऱ्या टोकाला जिथे पाइप भिंतीतून येतो तिथे हात लावून बघितलं तर प्लंबरने भोक व्हाइट सिमेंटने गच्च भरलेलं. पाइप भिंतीत गाडल्यासारखा. मग आधी, क्लिपा नव्हत्या तेव्हा, काही होत नव्हतं ते यामुळेच, वायरवर लोंबकळणारा पाइप आरामात इकडे तिकडे वाकत होता. माझ्या नीटनेटकेपणाने त्याची सोय गेली.

१४ जानेवारी, मंगळवार (संक्रांत, अर्धी सुट्टी)

तिळगूळ खात खात विचार केला की पाइप कुठे धरायचा आणि कुठे नुसता आधार द्यायचा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला रविवारपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं, मी सगळ्याच क्लिपांकडून दोन्ही कामं मागत होतो.

एका टोकाला धरलं तर सगळे साडेपाच मिलिमीटर दुसऱ्या टोकाला जातील आणि तिथला भिंतीतून येणारा छोटा तुकडा तेवढा वाकवावा लागेल. मध्ये धरलं तर अर्धे इकडे अर्धे तिकडे, प्रत्येक टोकाला पावणेतीन. तेवढं सिंककडचा वीस सेंटिमीटरचा उभा तुकडा आरामात घेतो आणि भिंतीतला तुकडा पण घेईल, फक्त सिमेंट काढलं पाहिजे.

मध्ये धरायचा म्हणजे घट्ट आवळायचा नाही. आमच्या लाइनला जवळजवळ मधोमध एक कपलर आहे, प्लंबरने उरलेले तुकडे जोडलेत म्हणून, तेव्हा मी त्याला मनात शिव्या दिल्या होत्या, आता तोच उपयोगी पडला. कपलरच्या दोन्ही बाजूंना चिकटून एकेक क्लिप लावली. कपलर पाइपपेक्षा जाड, तो क्लिपमधून जाऊ शकत नाही, म्हणून पाइप तिथे डावीकडेही सरकत नाही आणि उजवीकडेही नाही. पाइपवर दाब शून्य. बाकीच्या क्लिपांमध्ये पाइप बोटाने ढकलला तर सरकला पाहिजे ही परीक्षा. दोन क्लिपा सरळ रेषेत नव्हत्या, भोक जरा खाली गेलेलं, तिथे पाइप घासत होता, त्या काढून दोन मिलिमीटर वर परत भोकं. काल-परवाची भोकं व्हाइट सिमेंटने बुजवली, त्याची योग्य जागा हीच.

भिंतीतलं सिमेंट लहान छिन्नीने हळूहळू काढलं, दीड तास, कारण छिन्नी पाइपला लागली तर सगळंच परत. पाइपभोवती सगळीकडून चार-पाच मिलिमीटर मोकळी जागा झाली. त्यातून झुरळं येणार ही आमच्या हिची हरकत, रास्त आहे. दुकानात दोन अर्धुकांची गोल फ्लँज मिळते, ती पाइप न सोडवता त्याभोवती बंद होते. फ्लँज भिंतीला चिकटवली, पाइपला नाही, तिच्या भोकात पाइप मोकळा.

नंतर टोकांना भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली, पाइपवर तिच्यासमोर दुसरी, गीझर लावला, सिंकचा गरम नळ पाच मिनिटं सोडला (ते पाणी बादलीत धरून भांड्यांना वापरलं, नाहीतर ओरडा बसला असता). एका टोकाला रेघा सव्वादोन मिलिमीटर सरकल्या, दुसऱ्याला अडीच. हिशेबापेक्षा थोडं कमी, पाइप सगळीकडे साठ अंशाला पोचत नसणार. टकटक नाही. एकदा बारीक टक् झालं, ते फ्लँजला पाइप चाटत होता, कानशीने भोक जरा मोठं केलं.

१८ जानेवारी, शनिवार

कव्हरच्या आधी टिश्यू पेपरची परीक्षा. सगळे जोड, कॉकचे नट, कनेक्शन पाइपची दोन्ही टोकं कोरडी पुसून प्रत्येकाखाली टिश्यूचा तुकडा गुंडाळून ठेवला, दोन दिवस. गुरुवारी रात्री बांधले, आज बघितले. सगळे कोरडे, एक सोडून. गरमच्या अँगल कॉकच्या आट्यांपाशी टिश्यूला रुपयाएवढा ओला डाग.

विचित्र म्हणजे काल रात्री जेवणानंतर भांडी घासताना बघितला होता तेव्हा कोरडा होता, आणि आज पहाटे ओला. गरम पाणी असताना प्लास्टिक-पितळ फुगून आटे घट्ट बसतात आणि रात्रभर थंड झाल्यावर आकसून थेंब येतो. दिवसा तपासलं असतं तर कधीच सापडलं नसतं. नीट बघितलं तर कॉकच्या मागे पांढरी क्षाराची रिंग पण होती, म्हणजे हे दिवाळीपासूनच चालू होतं. सगळा पाइप डोलत होता त्याचा हा प्रसाद असणार असा माझा अंदाज.

लाइन बंद करून कॉक सोडवला, जुनी टेफ्लॉन खरवडली, नवी आट्यांच्या दिशेने, म्हणजे कॉक घट्ट करताना उलगडणार नाही अशी गुंडाळली. कॉक आधी हाताने बसेल तेवढा, मग पान्याने जेमतेम दीड फेरा. सीपीव्हीसीच्या जोडाला दुसऱ्या पान्याने मागून धरलं, नाहीतर पीळ पाइपला जातो. जास्त आवळायचा मोह होतो, पण जास्त आवळलं की पितळी आट्यांभोवतीचं प्लास्टिक तडकतं आणि मग नवा जोड. परत टिश्यू.

१९ जानेवारी, रविवार

मधल्या वेळात बेसिनमागचं. तिथे दोन उभे पाइप, ६० सेंटिमीटर. जुना ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप पडला होता, तो उभा चिरून अर्धगोल कव्हर करायचं डोक्यात होतं. हॅकसॉने चिरताना रेघ वाकडी जाते, म्हणून पाइपला दोन्ही बाजूंनी पट्टी बांधून कापला. कापल्यावर मात्र अर्धुक आतल्या बाजूला मिटलं, पाऊण सेंटिमीटर रुंदी कमी झाली. कारखान्यात पाइप थंड होताना त्यात ताण राहतो, चिरला की तो मोकळा होतो. माझे दोन पाइप आणि मधली फट मिळून ४५ मिलिमीटर होती म्हणून तरी मावलं. कडा पॉलिशपेपरने घासल्या, पांढरा स्प्रे मारला, दोन क्लिपांच्या डोक्यावर दाबून बसतं, ओढलं की निघतं. छान नाही पण वाईट पण नाही. खाली वॉल फ्लँज आहेतच.

२५ जानेवारी, शनिवार

टिश्यू सात दिवस कोरडे. आज ओट्याखालचं मुख्य कव्हर.

अर्धगोल पाइप इथे चालणार नव्हता, दोन लाइनी आणि क्लिपा मिळून रुंदी जास्त. पीव्हीसी बोर्ड घेतला, १२ मिलिमीटर जाड, पाणी लागून फुगत नाही, प्लाय फुगतो आणि आतल्या बाजूने बुरशी येते. पुढची पट्टी १२ सेंटिमीटर, वरची ६ सेंटिमीटर, दोन्ही काटकोनात चिकटवून उलट्या एल सारखं. लांबी २ मीटर ४० एकसंध केली असती तर सुंदर दिसलं असतं पण डबे सगळे बाहेर काढल्याशिवाय निघालं नसतं, म्हणून ८०-८० चे तीन तुकडे, मधला काढला की कपलर दिसतो, उजवा काढला की सिंकचे जोड दिसतात.

खालची बाजू उघडीच ठेवली, कव्हर आडव्या लाइनीच्या जरा खाली संपतं. गळालं तर पाणी फरशीवर दिसलं पाहिजे, आत साठून भिंतीत जायला नको. काही लोक कडेने सिलिकॉन भरून सील करतात ते मला पटत नाही, ओल आत कोंडते आणि लीकेज लपतं.

बसवायला भिंतीला बोर्डचेच ठोकळे स्क्रू केले, पाइपपासून दहा मिलिमीटर लांब, म्हणजे गरम लाइन सरकताना अडणार नाही. ठोकळ्यावर कपाटाच्या दाराला असतात ते मॅग्नेट. समोर कव्हरच्या आत मी ऐटीत स्टेनलेसचे चांगले ३०४ चे वॉशर लावले, गंजायला नकोत म्हणून. मॅग्नेट त्यांना ढुंकून बघेना. ३०४ ला चुंबक जवळजवळ लागत नाही, हे शाळेपासून माहीत असून पैसे गेले. शेवटी मॅग्नेटबरोबर पाकिटात येते तीच लोखंडी पत्री लावली, वर वार्निशचा हात मारला.

१ फेब्रुवारी, शनिवार

आठवडा झाला. डबा धडकला की कव्हरला लागतो, पाइपला नाही, एकदा उजवा तुकडा निघून आला पण परत कट्ट करून बसला. सकाळचा गीझर चालू असताना ओट्याखाली कान लावून बसलो, आवाज नाही, आईने विचारलं काय ऐकतोस तर म्हणलं उंदीर.

सिंकखालचा वेस्टचा नळीदार पाइप अजून तसाच, मध्ये झोल पडलाय आणि त्यात गाळ साठतो. तो काढून ४० मिलिमीटरचा कडक पाइप टाकायचा, ६० सेंटिमीटर लांबीला दीड सेंटिमीटर उतार, उताराच्या मापाने एक मोठी क्लिप. मोजायला दोरा ओट्यावरच ठेवलाय.